आठ सेकंदांत किती मराठी मावतं? बोलणाऱ्या एआय क्लिपचा संवाद लिहिताना

रील्स स्क्रोल करताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. बांधावर उभा शेतकरी, समोर माइक, मागे कापसाचं शेत. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खऱ्या वाटतात, ऊनही खरं वाटतं. तो बोलायला लागतो आणि वाक्याच्या शेवटी एकदम घाईत येतो. शेवटचे दोन शब्द गिळतो, 'काळी माती' म्हणताना 'काली' म्हणतो, आणि तोंड मिटल्यावरही अर्धा क्षण आवाज चालूच राहतो.

हा माणूस कुठेच नाही. कुणीतरी मोबाईलवर चार ओळी टाइप केल्या आणि तो तयार झाला.

मे २०२५ मध्ये गुगलने व्हिओ ३ आणलं, तेव्हापासून अशा क्लिप्सचा पूर आला. त्याआधीचे बहुतेक एआय व्हिडिओ मुके असायचे आणि आवाज नंतर चिकटवावा लागायचा. व्हिओ ३ चित्रासोबतच संवाद, आजूबाजूचे आवाज आणि ओठांची हालचाल तयार करू लागलं. जुलैमध्ये ते भारतातल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळालं. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी ओपनएआयचं सोरा २ सुद्धा बोलू लागलं.

क्लिप मात्र अजूनही छोटीच असते. व्हिओमध्ये एका वेळी जास्तीत जास्त आठ सेकंद मिळतात. या आठ सेकंदांत पात्राने काय बोलायचं, हेच बहुतेकांचं चुकतं. ते नीट जमलं की काय होतं, हेही समजून घ्यायला हवं, कारण तिथे प्रश्न फक्त चांगल्या रीलचा राहत नाही.

ओठ आणि आवाज एकाच वेळी

आधी आत काय चालतं ते बघू. ओठ जुळवण्याचं तंत्र नवं नाही. २०२० मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी वेव्हटूलिप नावाचं मॉडेल आणलं होतं. त्याला एक व्हिडिओ आणि एक वेगळा आवाज द्यायचा, की ते व्हिडिओतल्या माणसाचं फक्त तोंड त्या आवाजाप्रमाणे बदलून द्यायचं. म्हणजे आवाज आधी ठरलेला आणि ओठ त्याच्या मागून येणारे.

व्हिओसारख्या मॉडेलमध्ये असा क्रम नसतो. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र, एकाच प्रक्रियेत आकार घेतात. वाक्य किती वेगाने म्हणायचं, श्वास कुठे घ्यायचा, तोंड कधी उघडायचं, हे सगळं मॉडेल एकदमच ठरवतं. तुमच्या हातात फक्त प्रॉम्प्ट असतो. वाक्य लांब झालं म्हणून क्लिप नऊ सेकंदांची होत नाही. मॉडेल तेच वाक्य आठ सेकंदांत कोंबतं, आणि कोंबताना कुठेतरी हातचलाखी करतं. बोलण्याचा वेग वाढवतं, शब्द गाळतं किंवा वाक्य अर्ध्यावर तोडतं.

आपले डोळे ही हातचलाखी लगेच पकडतात. टीव्ही प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज ओठांच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, तर प्रेक्षकाला ते जाणवतं. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या व्हिडिओत एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते. म्हणजे आवाज एका फ्रेमपेक्षा थोडा जरी पुढे गेला तरी खटकतं, उशीर मात्र तीनेक फ्रेम्सपर्यंत चालून जातो. याचं कारण साधं आहे. लांबून क्रिकेट बघताना बॅट आधी दिसते आणि आवाज नंतर येतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय आहे. आवाज आधी आणि दृश्य नंतर असं निसर्गात कधी घडत नाही.

अक्षरांचं बजेट

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कॉलेजच्या एका ग्रुपला ओटीपी फसवणुकीवर छोटी रील करायची आहे. पात्र एक आजी. पहिल्या झटक्यात बहुतेक जण असा संवाद लिहितात:

"बाळा, मला आत्ताच बँकेतून फोन आला होता आणि ते म्हणाले की तुमचं खातं बंद होणार आहे, म्हणून ओटीपी द्या, पण मी त्यांना सांगितलं की मी कुणालाही ओटीपी देत नाही."

वाचायला हे ठीक वाटतं. आता मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि आजीच्या सुरात मोठ्याने म्हणून बघा.

मोजायचं कसं? शब्द मोजू नका, कारण मराठी शब्दांची लांबी फार वेगवेगळी असते. तोंडातून निघणारे तुकडे मोजा. 'पटकन' लिहिताना चार अक्षरं आहेत, पण बोलताना 'पट-कन' असे दोनच तुकडे होतात. आजीच्या त्या वाक्यात असे ५५ तुकडे आहेत. नेहमीच्या गप्पांच्या वेगात सेकंदाला पाचेक तुकडे धरले, तर हे वाक्य ११ सेकंद घेतं, आणि आजी तर सावकाशच बोलणार. त्यात सुरुवातीला चेहरा ओळखीचा व्हायला एक सेकंद लागतो आणि शेवटी वाक्य पोचायला आणखी एक. म्हणजे आठातले सहाच सेकंद बोलायला उरले. सहा सेकंदांत जेमतेम तीस तुकडे बसतात, तेही भावनेला अजिबात जागा न ठेवता. भावना हवी असेल तर पंधराच्या आसपास थांबलेलं बरं.

म्हणून वाक्य कापायचं. पण ते एकाच क्लिपमध्ये आखूड करण्यापेक्षा तीन क्लिप्समध्ये वाटून टाकलेलं चांगलं:

पहिली क्लिप: "बँकेतून बोलताय? कुठली शाखा?"
दुसरी क्लिप: "ओटीपी? तो नाही देणार मी."
तिसरी क्लिप: "बाळा, खऱ्या बँकेला एवढी घाई नसते."

पहिल्या दोन ओळींत नऊ-नऊ तुकडे आहेत आणि तिसरीत तेरा. आधीच्या लांबलचक वाक्यातली 'फोन आला होता', 'ते म्हणाले की', 'मी त्यांना सांगितलं की' ही सगळी निवेदनाची भर गळून पडली, कारण फोन आता समोरच दिसतोय. जे दिसतं ते पात्राने पुन्हा सांगायची गरज नसते.

उलटी चूकही होते. ओळ तीन सेकंदांची, क्लिप आठ सेकंदांची आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं हे प्रॉम्प्टमध्ये लिहिलेलंच नाही. मग मॉडेल ती जागा स्वतःच्या मनाने भरू शकतं. पात्र तेच वाक्य पुन्हा म्हणतं किंवा कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी पुटपुटतं. त्यामुळे शांतताही लिहावी लागते.

भावना म्हणजे विशेषण नव्हे

दुसऱ्या क्लिपचा पूर्ण प्रॉम्प्ट असा लिहिता येईल:

```
मध्यम क्लोज-अप, कॅमेरा स्थिर, चेहरा समोरून.
साधारण ७० वर्षांची आजी, हिरवी सुती नऊवारी,
जाड काळ्या काड्यांचा चष्मा. स्वयंपाकघर, दुपार.
फोन ओट्यावर, स्पीकरवर ठेवलेला.
सुरुवातीला आजी गप्प, फोनकडे बघते, भुवया किंचित वर.
मग ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं आणि ती हळू,
ठाम आवाजात मराठीत म्हणते:
ओटीपी? तो नाही देणार मी.
नंतर ओठ मिटून शांत बघत राहते. पुढे काही बोलत नाही.
आवाज: वयस्कर, किंचित घोगरा. मागे कुकरचा मंद आवाज.
संगीत नाही. स्क्रीनवर अक्षरं नाहीत.
```

यात 'आत्मविश्वासाने' किंवा 'मिश्कीलपणे' असा शब्द कुठेच नाही. असे शब्द चालतात, पण त्यांतून मिळतो तो सरासरी चेहरा. 'रागावलेली' लिहिलं की डोळे वटारलेले, 'दुःखी' लिहिलं की लगेच पाणी. त्याऐवजी शरीर काय करतं ते लिहिलं आणि ते कधी करतं हेही लिहिलं, तर फरक दिसतो. वाक्याच्या आधी भुवया, वाक्यावर हसू, वाक्यानंतर मिटलेले ओठ. एका क्लिपमध्ये भावनेचा एकच बदल ठेवा. 'आधी घाबरते, मग चिडते, मग हसते' हे आठ सेकंदांत मागितलं, की चेहरा रबरासारखा ताणला जातो आणि ओठ वाक्यापासून सुटतात.

फोन कानाला न लावता ओट्यावर ठेवलाय, त्यालाही कारण आहे. कानाला लावलेला फोन आणि तो धरलेला हात गालावर येतो, कधी अर्धं तोंड झाकतो. चेहरा बाजूने असेल, पात्र चालत असेल किंवा खात असेल, तर ओठांचं काम आणखी अवघड होतं. बोलणाऱ्या क्लिपला समोरून दिसणारं, मोकळं आणि पुरेसं मोठं तोंड लागतं.

ओळीला अवतरणचिन्हं नाहीत, हेही लक्षात आलं असेल. गुगलच्या मार्गदर्शनात नेमका संवाद अवतरणात द्यायला सांगितलंय आणि ते चालतंही. पण व्हिओ ३ आल्यापासून वापरणाऱ्यांची एक तक्रार कायम आहे: कधीकधी तीच ओळ सबटायटल म्हणून चित्रावर उमटते, तीही मोडक्या अक्षरांत. म्हणून अनेक जण अपूर्णविराम देऊन ओळ तशीच लिहितात आणि शेवटी 'अक्षरं नाहीत' असं सांगतात. यानेही ती दर वेळी जातीलच अशी खात्री नाही.

फ्रेममध्ये दोन माणसं असली तर आणखी एक घोळ होतो. आजीची ओळ नातू बोलून मोकळा होतो. 'सुमन म्हणते' असं लिहून उपयोग नसतो, कारण सुमन कोण हे मॉडेलला चित्रात दिसत नाही. 'हिरव्या नऊवारीतली आजी म्हणते, निळ्या टी-शर्टमधला मुलगा गप्प ऐकतो' असं दिसणाऱ्या खुणेने सांगावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे एका क्लिपमध्ये एकच तोंड ठेवणं.

मराठीची खास अडचण

हिंदी आणि मराठी दोघींची लिपी देवनागरी. त्यामुळे नुसती ओळ दिली तर मॉडेल ती हिंदी वळणाने म्हणू शकतं. 'मराठीत म्हणते' हे शब्द म्हणूनच लागतात. तरीही तीन जागी कान द्या.

पहिली जागा 'ळ'. 'बाळा' चं 'बाला' झालं की आजी एकदम परकी होते. दुसरी जागा च आणि ज. 'चांगला' मधला च आणि 'चिंच' मधला पहिला च आपण वेगळे म्हणतो, 'माझा' आणि 'माझी' मधला झ सुद्धा वेगळा. लिहिताना मात्र अक्षर एकच असतं, म्हणजे मॉडेलला लिखाणातून काहीच सुगावा लागत नाही. तिसरी जागा आकडे आणि इंग्रजी आद्याक्षरं. '२५' चं काय होईल सांगता येत नाही, म्हणून 'पंचवीस' लिहा, तसंच ओटीपी देवनागरीतच लिहा. मराठी ओळ रोमन अक्षरांत दिली तर उच्चार आणखी भरकटण्याची शक्यता वाढते.

'ळ' सारखा बिघडत असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शब्दच बदलणं. 'बाळा' ऐवजी 'अरे' चालत असेल तर चालवून घ्या. दहा वेळा क्लिप पुन्हा काढण्यात क्रेडिट्स जातात, शब्द बदलायला काही लागत नाही.

आवाजाचंही बघावं लागतं. प्रत्येक क्लिप नव्याने तयार होते, त्यामुळे पहिल्या क्लिपमधली घोगरी आजी तिसऱ्या क्लिपमध्ये तरुण होऊ शकते. वर्णनाच्या ओळी तिन्ही प्रॉम्प्टमध्ये जशाच्या तशा पेस्ट करा. 'वयस्कर' चं 'म्हातारा' सुद्धा करू नका. फरक तरीही थोडा राहतो.

क्लिप जमली का, कसं ओळखायचं?

आधी आवाज बंद करून बघा. प, फ, ब, भ, म हे उच्चारताना दोन्ही ओठ मिटावेच लागतात, त्याशिवाय ते आवाज निघत नाहीत. (फक्त 'फोन' सारख्या शब्दात अनेक जण वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात.) 'बाळा, खऱ्या बँकेला एवढी घाई नसते' या ओळीत ब दोनदा येतो, म्हणजे ओठ दोनदा पूर्ण मिटलेले दिसले पाहिजेत. ते नुसते जवळ आले आणि फट राहिली, तर क्लिप सैल आहे.

मग चित्र न बघता फक्त ऐका. घाई, गिळलेला शब्द, हिंदी वळण इथे कळतं. शेवटी दोन्ही मिळून अर्ध्या वेगाने बघा. तोंड मिटल्यावर आवाज उरतो का, किंवा आवाज संपल्यावर जबडा हलतो का, हे तेव्हा दिसतं. ओळ निवडताना याचाही विचार करता येतो. ओठ मिटणारे आवाज कमी असलेली ओळ चूक लपवते, जास्त असलेली ओळ चूक उघडी पाडते.

आणि आता तो शेतकरी

वरची सगळी यादी पुन्हा आठवा. एकच माणूस, समोरून चेहरा, स्थिर कॅमेरा, मोकळं तोंड, एकच भावना, पंधराएक तुकड्यांची एकच ओळ. अशी क्लिप तुम्ही आणखी कुठे बघता? बातम्यांमध्ये. रस्त्यावरच्या माणसाला माइक पुढे करून घेतलेली 'बाइट' नेमकी अशीच असते. म्हणजे मॉडेलला जे सगळ्यात चांगलं जमतं, त्याचाच आकार आपण वर्षानुवर्षं पुरावा म्हणून बघत आलोय.

आतापर्यंतची भीती ओळखीच्या चेहऱ्यांची होती. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग ॲपची भलामण करणारा बनावट व्हिडिओ फिरला आणि त्याने स्वतः तो खोटा असल्याचं सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, आपले प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर्सच्या टिप्स देताहेत असे बनावट व्हिडिओ फिरत असल्याचा इशारा दिला. या दोन्ही वेळी 'हे मी बोललेलो नाही' किंवा 'हे आमचं नाही' असं सांगणारं कुणीतरी होतं.

बांधावरच्या त्या शेतकऱ्याच्या बाबतीत असं सांगणारं कुणीच नाही. तो 'पैसे मिळाले' म्हणाला काय किंवा 'एक रुपयाही मिळाला नाही' म्हणाला काय, तक्रार करायला तो माणूसच अस्तित्वात नाही. कुणाचा चेहरा चोरलेला नाही, पण साक्ष खोटी आहे. नामवंतांच्या चेहऱ्यांवर टूल्स बंधनं घालू शकतात. अनोळखी शेतकरी, प्रवासी किंवा रुग्णाचा नातेवाईक मात्र कुठल्याच बंधनात अडकत नाही.

म्हणूनच लेबलला इथे अर्थ आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियमांत केलेली दुरुस्ती २० फेब्रुवारीपासून लागू झाली. एआयने तयार केलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या क्लिपवर स्पष्ट लेबल हवं, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मवर अपलोड करताना तसं जाहीर करायला हवं, असं हे नियम सांगतात. गुगलच्या क्लिप्समध्ये सिंथआयडी नावाची न दिसणारी खूणही असते. पण व्हॉट्सॲपवर आलेला, दुसऱ्या फोनने स्क्रीनवरून शूट केलेला व्हिडिओ बघताना सामान्य माणूस ती खूण तपासायला जात नाही.

बघणाऱ्यासाठी तुकड्यांचा हिशोब इथेही कामी येतो. प्रत्येक शॉट आठ सेकंदांच्या आतच संपतो का? प्रत्येक माणूस एकच आटोपशीर ओळ बोलून गायब होतो का? कुणीच अडखळत नाही, प्रश्न विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न येत नाही, गावाचं नाव नाही? मग थांबा. हा पक्का पुरावा नाही, कारण क्लिप लांबवायच्या सोयी आल्यात आणि खऱ्या रील्सही तुकड्यांच्याच असतात. पण पुढे पाठवण्याआधी तो माणूस कुठला, हे विचारायला एवढं पुरेसं आहे.

आणि तुम्ही बनवणाऱ्यांपैकी असाल, तर आजीचं आजीच राहू द्या. गोष्ट सांगायला पात्र तयार करा, त्यावर लेबल ठेवा, आणि रीलच्या पहिल्या सेकंदातच कळू द्या की ही गोष्ट आहे. माइक, चॅनेलसारखी पट्टी आणि 'आमच्या गावात असं झालं' ही तीन एकत्र आली, की तीच पंधरा तुकड्यांची ओळ खोटी साक्ष होते.